पुड्यामागचा तक्ता वाचताना: ‘ट्रान्स फॅट’ आणि ‘ॲडेड शुगर’चा नेमका अर्थ

बिस्किटांच्या पुड्यावर पुढच्या बाजूला ‘झीरो ट्रान्स फॅट’ असे ठसठशीत छापलेले असते. ते वाचून पुडा टोपलीत जातो आणि मागचा बारीक अक्षरांतला तक्ता वाचायचा राहून जातो. भारतात आज या तीन शब्दांवरून पुड्याची निवड करण्यासारखे फारसे काही कळत नाही. ट्रान्स फॅट अगदी कमी ठेवणे सगळ्याच उत्पादकांना कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याला हवी ती माहिती तक्त्यात त्याच्या शेजारच्याच ओळीत असते.

साखरेचेही तसेच आहे. एकच आकडा पाहून घेतलेला निर्णय बहुधा चुकतो, दोन आकडे एकत्र पाहिले की खरे चित्र दिसते. म्हणून हा तक्ता जोड्यांनी वाचायचा: ट्रान्स फॅटसोबत सॅच्युरेटेड फॅट, एकूण साखरेसोबत ॲडेड शुगर आणि छापलेल्या ‘सर्व्हिंग’सोबत आपण प्रत्यक्ष खातो ते प्रमाण. हे कसे करायचे ते एका पुड्यावर क्रमाने पाहू.

पायरी 1: पुडा उलटा करा आणि तक्ता शोधा

पाकीटबंद खाद्यपदार्थांवर काय छापावे हे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, म्हणजे ‘एफएसएसएआय’ ठरवते. त्यांच्या 2020 च्या नियमांनुसार पोषणाच्या तक्त्यात ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, ॲडेड शुगर, एकूण फॅट, सॅच्युरेटेड फॅट, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल आणि सोडियम यांचे आकडे द्यावे लागतात. मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असावा लागतो. मराठीची सक्ती नसल्याने बहुतेक पुड्यांवर आपल्याला इंग्रजी शब्दच दिसतात.

नमुन्यासाठी चॉकलेट क्रीम बिस्किटांचा 120 ग्रॅमचा पुडा घेऊ. पुढचे आकडे कोणा एका कंपनीचे नाहीत. अशा प्रकारच्या बिस्किटांत साधारण जे दिसते, त्यावरून हिशेबासाठी घेतले आहेत.

दर 100 ग्रॅममध्ये:
- ऊर्जा: 490 किलोकॅलरी
- प्रथिने: 5.5 ग्रॅम
- कर्बोदके: 71 ग्रॅम
- त्यापैकी एकूण साखर: 38 ग्रॅम
- त्यापैकी ॲडेड शुगर: 36.5 ग्रॅम
- एकूण फॅट: 20.5 ग्रॅम
- त्यापैकी सॅच्युरेटेड फॅट: 10 ग्रॅम
- त्यापैकी ट्रान्स फॅट: 0 ग्रॅम

सर्व्हिंग: 2 बिस्किटे, म्हणजे 20 ग्रॅम.

इथेच एक चूक नेहमी होते. 38 आणि 36.5 यांची बेरीज करून काही जण 74.5 ग्रॅम साखर धरतात. ॲडेड शुगर ही एकूण साखरेतच मोजलेली असते आणि एकूण साखर कर्बोदकांत. ‘त्यापैकी’ हा शब्द पुड्यावर छापलेला नसला, तरी खालची ओळ वरच्या ओळीचा भाग आहे हे लक्षात ठेवावे. फॅटच्या ओळींचेही तसेच.

पायरी 2: ट्रान्स फॅट म्हणजे काय ते समजून घ्या

फॅट म्हणजे स्निग्ध पदार्थ, तेल-तुपाचा अंश. शेंगदाणा किंवा सोयाबीनचे तेल घरातल्या तापमानाला पातळ राहते, कारण त्याचे बहुतेक रेणू वाकडे असतात आणि ते एकमेकांना चिकटून नीट रचले जात नाहीत. बेकरीला मात्र घट्ट स्निग्ध पदार्थ लागतो. त्याने खारीला पापुद्रे सुटतात, बिस्किट खुसखुशीत होते आणि माल लवकर खवट होत नाही.

तेल घट्ट करण्यासाठी कारखान्यात तापलेल्या तेलात निकेल धातूच्या साहाय्याने हायड्रोजन वायू सोडतात. यालाच हायड्रोजनेशन म्हणतात. आपण ज्याला सरसकट ‘डालडा’ म्हणतो ते वनस्पती तूप असेच तयार झाले. ही क्रिया अर्ध्यावर थांबवली की काही रेणू सरळ होतात, पण त्यांचे रूप निसर्गातल्या तेलापेक्षा वेगळे असते. ते ट्रान्स फॅट.

ट्रान्स फॅटने रक्तातले वाईट समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते आणि चांगले समजले जाणारे एचडीएल घटते. हा दुहेरी तोटा हृदयाच्या रक्तवाहिन्यांना भोवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभराच्या ऊर्जेपैकी 1 टक्क्याहून कमी वाटा ट्रान्स फॅटचा असावा. 2000 किलोकॅलरीच्या आहारात हे प्रमाण सुमारे 2 ग्रॅम होते.

दूध, तूप आणि लोणी यांत थोडे ट्रान्स फॅट निसर्गतःच असते. ते गाई-म्हशींच्या पोटात तयार होते. आपल्याकडच्या तक्त्यातली ट्रान्स फॅटची ओळ हे नैसर्गिक ट्रान्स फॅट वगळून असते. त्यामुळे तुपाच्या डब्यावर या ओळीत शून्य दिसले तर गोंधळून जाऊ नये.

पायरी 3: ‘शून्य’ किती शून्य आहे ते पाहा

खाद्यतेले आणि वनस्पती तूप यांतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा भारतात टप्प्याटप्प्याने खाली आली. जानेवारी 2021 पासून ती 3 टक्के झाली आणि जानेवारी 2022 पासून 2 टक्के. ज्या पदार्थांत तेल किंवा तूप वापरले जाते, त्यांनाही तेव्हापासून हीच मर्यादा लागू झाली. मात्र 2 टक्के हे पदार्थाच्या वजनाचे नसून त्यातल्या एकूण फॅटचे आहेत.

आपल्या पुड्यात दर 100 ग्रॅममागे 20.5 ग्रॅम फॅट आहे. त्याचे 2 टक्के म्हणजे सुमारे 0.4 ग्रॅम. म्हणजे पुड्यावर काही दावा केलेला असो वा नसो, कायदा पाळणाऱ्या उत्पादकाच्या अशा बिस्किटांत यापेक्षा जास्त औद्योगिक ट्रान्स फॅट असू शकत नाही. ‘ट्रान्स फॅट फ्री’ असा दावा करायचा असेल, तर ते दर 100 ग्रॅममागे 0.2 ग्रॅमहून कमी असावे लागते. दावा करणारा आणि न करणारा पुडा यांत फरक असलाच तर तो एवढ्याच चिमूटभराचा.

नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेल्या खाऊच्या बाबतीत वेगळी सावधगिरी लागते. तिथे एका सर्व्हिंगमध्ये 0.5 ग्रॅमहून कमी ट्रान्स फॅट असेल तर तक्त्यात 0 लिहिण्याची मुभा आहे.

पायरी 4: आता शेजारची ओळ वाचा, सॅच्युरेटेड फॅट

कारखान्याने अर्धवट हायड्रोजनेशन केलेले तेल वापरायचे थांबवले, तरी बिस्किटातले क्रीम घट्टच लागते. तो घट्टपणा आता मुख्यतः पाम तेलातून येतो. घटकांच्या यादीत ते ‘पाम ऑइल’ किंवा ‘पामोलिन’ या नावांनी दिसते. कधी ‘इंटरएस्टरिफाइड’ असा अवघड शब्दही भेटतो. वेगवेगळ्या तेलांतील रेणूंची अदलाबदल करून हवा तसा घट्टपणा आणलेले तेल, असा त्याचा साधा अर्थ.

पाम तेलात ट्रान्स फॅट जवळजवळ नसते, पण त्यातला साधारण निम्मा भाग सॅच्युरेटेड फॅटचा असतो. सॅच्युरेटेड फॅट म्हणजे घरातल्या तापमानाला सहसा घट्ट राहणारा स्निग्ध पदार्थ, मराठी पाठ्यपुस्तकांत ज्याला ‘संपृक्त मेद’ म्हणतात तो. तेही एलडीएल वाढवते, फक्त ट्रान्स फॅटसारखे एचडीएल खाली आणत नाही. ट्रान्स फॅटपेक्षा ते कमी घातक, इतकेच.

आपल्या पुड्याच्या तक्त्यात हेच उमटले आहे. ट्रान्स फॅट 0, पण 20.5 ग्रॅम फॅटपैकी 10 ग्रॅम सॅच्युरेटेड. भारतीय नियमांत तक्त्यासाठी धरलेली दिवसाची पातळी आहे 22 ग्रॅम. म्हणजे 100 ग्रॅम बिस्किटांत जवळपास निम्म्या दिवसाचे सॅच्युरेटेड फॅट संपते, आणि हा हिशेब जेवणातले तूप, लोणी, नारळ न धरता.

दोन पुड्यांपैकी एक निवडायचा असेल आणि दोन्हींवर ट्रान्स फॅट शून्य असेल, तर ज्याचा सॅच्युरेटेड फॅटचा आकडा दर 100 ग्रॅममागे कमी आहे तो घ्यावा. घटकांत ‘पार्शियली हायड्रोजनेटेड’ म्हणजे अर्धवट हायड्रोजनेशन केलेले तेल दिसले, तर तो पुडा परत ठेवलेला बरा. नुसते ‘हायड्रोजनेटेड’ असेल तर ट्रान्स आणि सॅच्युरेटेड या दोन्ही ओळी पाहाव्यात, कारण पूर्ण हायड्रोजनेशन झालेल्या तेलात ट्रान्स फॅट नगण्य, पण सॅच्युरेटेड भरपूर असते.

पायरी 5: एकूण साखर आणि ॲडेड शुगर वेगळ्या करा

एकूण साखर म्हणजे पदार्थात असलेली सगळी साखर, दुधाची असो, फळाची असो की पोत्यातली. ॲडेड शुगर म्हणजे पदार्थ बनवताना वरून घातलेली साखर. पाक, मध अशा रूपांत घातलेली साखरही तिच्यातच येते.

साध्या दुधाच्या पिशवीवर दर 100 मिलिलिटरमागे 4 ते 5 ग्रॅम एकूण साखर दिसते. ती पाहून दुधात साखर मिसळल्याची शंका घेऊ नये. ती दुधातली नैसर्गिक साखर, लॅक्टोज. तिथे ॲडेड शुगरच्या ओळीत 0 असते. याउलट फळाच्या स्वादाचे दही घेतले आणि त्यावर एकूण साखर 14 व ॲडेड शुगर 9 असे छापले असेल, तर 9 ग्रॅम वरून घातलेली आणि उरलेली 5 ग्रॅम दुधा-फळाची.

आपल्या बिस्किटांत हा फरक फक्त दीड ग्रॅमचा आहे. तो बहुतांशी दुधाच्या भुकटीतून आला. बाकी 36.5 ग्रॅम, म्हणजे बिस्किटाच्या वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग, घातलेली साखर आहे.

फळांच्या रसाशी मात्र ही रीत जपून वापरावी. साखर न घातलेल्या निव्वळ रसावर ॲडेड शुगर 0 असू शकते. तरीही जागतिक आरोग्य संघटना रसातल्या आणि मधातल्या साखरेला घातलेल्या साखरेच्याच हिशेबात धरते, कारण फळातला चोथा गेला की ती साखर पटकन रक्तात उतरते. रस घेताना एकूण साखरेची ओळ वाचावी.

पायरी 6: घटकांच्या यादीत साखरेची इतर नावे शोधा

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. जे सर्वांत जास्त घातले ते पहिले. आपल्या पुड्यावर क्रम आहे: मैदा, साखर, पाम तेल, इन्व्हर्ट सिरप, कोको पावडर, दुधाची भुकटी.

इथे साखर दोन ठिकाणी आली आहे. इन्व्हर्ट सिरप म्हणजे साखर फोडून केलेला पाक. याशिवाय लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, मध, गूळ, खजुराचा पाक, फळांच्या रसाचे कॉन्सन्ट्रेट ही सगळी गोडीचीच रूपे. एकाच पदार्थात तीन-चार प्रकारची साखर थोडी थोडी घातली की यादीत कोणतीच पहिल्या क्रमांकावर येत नाही. त्यामुळे नुसता क्रम पाहून फसायला होते. अशा वेळी ॲडेड शुगरचा आकडा कामी येतो.

मुलांच्या पावडरींत आणि तयार मिश्रणांत ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ हे नाव वारंवार दिसते. ते स्टार्चचे बारीक तुकडे करून बनवतात. रसायनशास्त्राच्या व्याख्येत ते साखर ठरत नाही, म्हणून साखरेच्या ओळीत मोजले जात नाही. शरीरात मात्र त्याचे ग्लुकोज झपाट्याने होते. ते घटकांत वरच्या क्रमांकावर असेल तर एकूण कर्बोदकांचा आकडा पाहावा.

पायरी 7: सर्व्हिंग आणि आपला हात यांचा मेळ घाला

तक्त्यात ‘आरडीए’ असा एक टक्क्यांचा रकाना असतो. एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या पातळीचा किती वाटा मिळतो, ते त्यात लिहिलेले असते. ॲडेड शुगरसाठी ही पातळी 50 ग्रॅम धरली आहे.

आपल्या पुड्यावर सर्व्हिंग आहे 2 बिस्किटे. त्यांत 7.3 ग्रॅम ॲडेड शुगर, म्हणजे सुमारे 15 टक्के. आकडा लहान वाटतो. पण संध्याकाळच्या चहाबरोबर शाळेतून आलेला मुलगा अर्धा पुडा संपवतो, म्हणजे 6 बिस्किटे. हिशेब असा:

दर 100 ग्रॅममागे 36.5 ग्रॅम, म्हणून 60 ग्रॅममध्ये 36.5 × 60 ÷ 100 = 21.9 ग्रॅम.

चहाचा एक सपाट लहान चमचा साखर सुमारे 4 ग्रॅम भरते. म्हणजे त्या 6 बिस्किटांत साडेपाच चमचे साखर आहे. सॅच्युरेटेड फॅटही त्याच वेळी 6 ग्रॅम गेले, दिवसाच्या पातळीच्या पाव भागाहून थोडे जास्त.

ही 50 ग्रॅमची पातळी 2000 किलोकॅलरी घेणाऱ्या प्रौढाची आहे. लहान मुलाची ऊर्जेची गरज त्याहून कमी, म्हणून त्याची मर्यादाही कमी. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने 2015 च्या शिफारशीत अशी साखर ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी ठेवायला सांगताना 5 टक्क्यांखाली आणली तर अधिक चांगले असेही म्हटले आहे. प्रौढासाठी ते होते 25 ग्रॅम. अर्ध्या पुड्यातच ते जवळपास भरते.

पेयांच्या बाबतीत ही चूक आणखी मोठी होते, कारण आकडे दर 100 मिलिलिटरचे असतात. आंब्याच्या पेयावर ॲडेड शुगर 12 ग्रॅम लिहिली असेल आणि बाटली 600 मिलिलिटरची असेल, तर पूर्ण बाटलीत 72 ग्रॅम साखर आहे. दोन पुडे किंवा दोन बाटल्या यांची तुलना नेहमी दर 100 च्या रकान्यावरूनच करावी, कारण सर्व्हिंग प्रत्येक कंपनीची वेगळी असते. आपण किती खाल्ले याचा हिशेब मात्र आपल्या हातून किती गेले त्यावरून करावा.

पायरी 8: पुढच्या बाजूचे दावे शेवटी वाचा

‘शुगर फ्री’ लिहायचे तर दर 100 ग्रॅममागे साखर 0.5 ग्रॅमहून जास्त चालत नाही. ‘लो शुगर’साठी घन पदार्थात ही मर्यादा 5 ग्रॅम आणि पेयात दर 100 मिलिलिटरमागे 2.5 ग्रॅम आहे. ‘नो ॲडेड शुगर’ या दाव्यात मात्र वरून साखर घातली नाही एवढेच म्हटलेले असते. पदार्थातली मूळची साखर कितीही असू शकते.

मधुमेह असलेल्या घरात इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. शुगर फ्री बिस्किटात साखरेऐवजी सुक्रॅलोजसारखा कृत्रिम गोडवा किंवा माल्टिटॉलसारखे पॉलिऑल असते. पण मैदा तोच, तेल तेच. रक्तातली साखर मैद्यानेही वाढते. म्हणून अशा पुड्यावर एकूण कर्बोदके, एकूण ऊर्जा आणि सॅच्युरेटेड फॅट या तीन ओळी वाचून मगच किती खायचे ते ठरवावे. पॉलिऑल जास्त खाल्ले तर पोट बिघडते. दर 100 ग्रॅममध्ये ते 10 ग्रॅम किंवा अधिक असेल तर पुड्यावर तशी सूचना असावी लागते.

जिथे तक्ताच नसतो

बेकरीतली सुटी खारी, टोस्ट, नानकटाई, हलवायाची मिठाई, गाडीवरचे तळण यांच्यावर असा तक्ता नसतो. तिथे आपल्या हातात प्रश्न विचारणे एवढेच आहे: हे कशात बनवले, वनस्पती तुपात, मार्गारिनमध्ये की लोण्यात? अगदी छोट्या पुड्यांवर जागेअभावी काही माहिती गाळण्याची सवलत असते. ती मोठ्या पाकिटावर सापडते.

पुढच्या वेळी किराणा भरताना घरात सर्वांत जास्त खपणारा एकच पुडा निवडा. त्याच्या तक्त्यातले दर 100 ग्रॅमचे ॲडेड शुगर आणि सॅच्युरेटेड फॅट हे दोन आकडे त्याच प्रकारच्या दुसऱ्या पुड्याशी ताडून पाहा. दोन्ही आकडे ज्याचे कमी असतील तो घ्या. एका पुड्यात साखर कमी आणि दुसऱ्यात सॅच्युरेटेड फॅट कमी असेल, तर घरात ज्याची काळजी जास्त आहे त्या आकड्याला मान द्या. दोन्हीही जास्तच असतील, तर तो पदार्थ रोजच्या डब्यातून काढून कधीतरीच्या खाऊत टाका.